P2₁/c मधल्या c चा अर्थ काय, आणि 0 3 0 दिसतंय तर 2₁ राहतो का?

खानापूरकर: एमएस्सीचा प्रोजेक्ट करायलेय, क्रिस्टलचा डेटा बाहेरून करून आणलाय. सॉफ्टवेअर P2₁/c हा स्पेस ग्रुप सुचवायलंय पण गाईड म्हणतात नुसतं मान्य करू नको, चिन्ह वाचून स्वतः यादीशी ताडून बघ. P म्हणजे प्रिमिटिव्ह एवढं कळतंय, पुढचं प्रत्येक अक्षर कशाला लागतं ते कुणी सांगा ना. b 11.4 Å आहे, मॉलिब्डेनम ट्यूब. यादीतल्या काही ओळी, पहिले तीन आकडे रिफ्लेक्शनचे h k l, शेवटचे दोन इंटेन्सिटी आणि सिग्मा:

```
0  2  0    412.6    6.1
0  3  0     18.3    3.9
0  4  0     96.2    2.8
0  5  0      0.7    1.2
0  6  0   8240.0   41.0
0  7  0     -0.4    1.3
1  0  1      0.3    0.9
1  0  2    655.0    7.4
```

निपाणीकर: सोपंय की. 2₁ हा b च्या दिशेचा स्क्रू, त्यामुळं 0k0 मध्ये k विषम असेल ते सगळे गायब पाहिजेत. आणि c म्हणजे c अक्षाला काटकोनात असलेलं ग्लाइड प्लेन, तर तू hk0 ची यादी काढ आणि त्यात काय गायब आहे बघ. तुझं 0 3 0 तर 4 सिग्माच्या वर दिसायलंय, म्हणजे 2₁ गेला. P2/c लिही आणि पुढं जा.

टिळकवाडी: निपाणीकर, स्क्रूचं बरोबर सांगितलंत, पण c चं तसं नाही हो. ग्लाइडचं अक्षर प्लेन कुठं उभं आहे ते सांगत नाही, आरसा दाखवून झाल्यावर अणू कुठल्या दिशेला अर्धा सरकला ते सांगतं. प्लेन कुठं आहे ते कळतं मधल्या तिरक्या रेघेवरून, ती रेघ म्हणजे अलीकडच्या अक्षाला पलीकडचं प्लेन काटकोनात. अक्ष b, म्हणून प्लेन b ला काटकोनात, आणि सरकणं c च्या दिशेला. म्हणून hk0 नाही, h0l बघायचं.

खानापूरकर, असं कर बाळा, एक अणू घे x, y, z ला. स्क्रूनं त्याचा जोडीदार येतो −x, y+½, −z+½ ला. 0k0 रिफ्लेक्शनला अणू b च्या दिशेनं किती वर आहे तेवढंच कळतं, x आणि z त्याला दिसतच नाहीत. मग त्याच्या लेखी एक अणू y ला आणि दुसरा अगदी तसाच y+½ ला. k 2 असेल तर अर्ध्या सेलमध्ये एक पूर्ण लाट बसते, दोघांच्या लाटा जुळतात. k 3 असेल तर दीड लाट, एकाचा माथा तिथं दुसऱ्याचा खळगा, बेरीज शून्य. अणू कुठलाही घे, सल्फर असो की कार्बन, जोडीनं शून्यच होणार, म्हणून हे गायब होणं पक्कं असतं, नुसतं कमी इंटेन्सिटीचं नसतं.

ग्लाइडनं जोडीदार येतो x, ½−y, z+½ ला. h0l ला y दिसत नाही, त्यामुळं आरशानं झालेला बदल त्याला कळतच नाही, x तोच, फक्त z अर्ध्यानं पुढं गेलेला. मग l विषम असला की खलास. तुझं 1 0 1 गेलंय, 1 0 2 भरभक्कम आहे, नियमात बसतंय. एका जोडीवर थांबू नको मात्र, h0l ची पूर्ण यादी काढ.

संकेश्वर लॅब: मॅडम एक विचारू का, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असतो, आमच्या साखरेत पण हे असं गायब होतं का? आमच्याकडं दाणा बारीक-मोठा झाला की रंग आणि मॉइश्चर बघतात, हे असलं कुणी बघत नाही. दाणा खराब असला तर रिफ्लेक्शन गायब होत असतील काय?

टिळकवाडी: नाही ओ, दाण्याच्या चांगल्या-वाईटाशी याचा संबंध नाही, आतली मांडणीच तशी असते. पण साखरेचं काढलंत ते फार चांगलं केलंत. सुक्रोजचा ग्रुप P2₁, सेलमध्ये दोन रेणू, b साधारण 8.7 Å. त्यात 0k0 चे विषम गायब होतात पण h0l ला काहीच बंधन नाही, 1 0 1 प्रकारचे सगळे येऊ शकतात. कारण ग्लाइडमध्ये आरसा आहे, आणि आरशातला सुक्रोज उसात तयार होत नाही. एकाच हाताच्या रेणूचा शुद्ध क्रिस्टल असेल तर चिन्हात ग्लाइड येऊच शकत नाही. खानापूरकर, तुझं संयुग रेसमिक आहे की एकाच हाताचं, ते आधी सांग.

खानापूरकर: त्यात कायरल सेंटरच नाही मॅडम. h0l पूर्ण बघितली, l विषम एकही 2 सिग्माच्या वर नाही. आता राहिलं ते 0 3 0 च. आणि 0 1 0 यादीत का नाही?

टिळकवाडी: 0 1 0 चा 2θ तुझ्या ट्यूबवर साडेतीन अंशांच्या आसपास येतो, तो बीमस्टॉपच्या सावलीत गेला असणार. न मोजलेलं आणि गायब यात गल्लत करू नको.

0 3 0 बघताना 0 6 0 कडं नजर टाक, 8240 आहे. बीममध्ये थोडी निम्म्या तरंगलांबीची किरणं शिल्लक असतील तर त्यांचं 0 6 0 बरोबर 0 3 0 च्या जागी पडतं, कोन तोच. 18.3 म्हणजे 8240 च्या 0.2 टक्के, अशा गळतीला साजेसाच आकडा. 0 5 0 आणि 0 7 0 शून्य आहेत, तिथं 0 10 0 आणि 0 14 0 किती आहेत ते काढ. ते किरकोळ असतील तर माझा संशय वाढेल.

निपाणीकर: मॅडम c चं पटलं, पण 0 3 0 ला तुम्ही सोयीचं कारण शोधायलाय असं मला वाटतंय. चार-पाच रिफ्लेक्शनवर अख्खा 2₁ उभा करायचा? मी फार्मात पावडर पॅटर्न बघतो, तिथं 0 3 0 च्या मागंपुढं दुसरे पीक येऊन बसतात, असला निवाडा करताच येत नाही.

टिळकवाडी: पावडरबद्दल तुमचं खरंय, तिथं जोर देऊन बोलू नये. सिंगल क्रिस्टलवर मात्र तपासता येतं. ट्यूब 50 kV वर चालवली असेल तर 0.355 Å ची किरणं तयार होतात, त्यांना साधारण 35 kV लागतात. 30 वर आणून तेवढंच 0 3 0 परत मोजायचं, बीम मंद होतो म्हणून वेळ जास्त द्यायचा. गेलं तर गळती होती. राहिलं तर क्रिस्टल त्या रिफ्लेक्शनच्या दिशेभोवती थोडा थोडा फिरवत मोजायचं, काही ठराविक कोनांनाच उसळत असेल तर दोनदा परावर्तन होऊन आलेलं आहे. सगळ्या कोनांना सारखंच दिसलं तर निपाणीकरांचं खरं, 2₁ नाही.

आणि मग P2/c च असं पण नाही हो, Pc सुद्धा उरतो, गायब यादी दोघांची एकच. 2₁ टिकला तरच यादीवरून एकच नाव निघतं.

खानापूरकर: 0 10 0 आहे 31, 0 14 0 आहे 6. मशीनवाल्यांना 30 kV साठी विचारते, पण ते एका रिफ्लेक्शनसाठी क्रिस्टल परत लावतील का माहीत नाही. तोवर P2₁/c मध्ये स्ट्रक्चर सोडवून बघू का?

टिळकवाडी: बघ की. 31 आणि 6 चे 0.2 टक्के सिग्मातच बुडतात, म्हणजे फक्त 0 3 0 दिसणं जुळतंय. पण स्ट्रक्चर सुटलं म्हणून 0 3 0 चा प्रश्न मिटला असं लिहू नको, Pc मध्येपण एकदा रिफाइन करून दोन्हींचे अणू शेजारी ठेव, Pc मधले दोन रेणू इन्व्हर्जननं एकमेकांवर बसत असतील आणि ते इन्व्हर्जन सेंटर ग्लाइड प्लेनपासून b च्या पाव अंतरावर असेल तर P2₁/c ला जोर येतो, प्लेनवरच असेल तर P2/c ला.

संकेश्वर लॅब: 30 kV चं काय झालं ते कळवा हं ताई.