दोन एजंट, एक व्यवहार: ब्रोकरेज कसं वाटून घेतलंत? अनुभव सांगा

मी वारज्यात राहते आणि नऊ वर्षं कर्वेनगर, वारजे, कोथरूड या पट्ट्यात रीसेल फ्लॅटचं काम करते. गेल्या महिन्यात एक व्यवहार झाला, रजिस्ट्रेशन झालं, दोन्ही पार्ट्या खूश आहेत, पण आम्हा दोन एजंटांमध्ये गाठ बसली ती सुटत नाहीये. म्हणून तुम्हाला विचारते.

कर्वेनगरमधला टू बीएचके. बायर माझा, तीन महिने फिरवलेलं जोडपं. सेलर दुसऱ्या एजंटचा, किल्ली त्याच्याकडे. फ्लॅट दाखवायच्या आधी फोनवर तो म्हणाला, "फिफ्टी-फिफ्टी ना?" मी म्हटलं, "हो." एवढंच बोलणं. मी समजले की माझ्या बायरचं माझं, त्याच्या सेलरचं त्याचं. तो समजला की दोन्हीकडून येईल ते एकत्र करून निम्मं.

मागणी 92 लाखांची होती, सौदा 88 ला ठरला. माझ्या बायरने ठरल्याप्रमाणे एक टक्का, म्हणजे 88,000 दिले. सेलरने त्याला दोन टक्के कबूल केले होते, हे मला नंतर कळलं. शेवटी सेलर म्हणाला, "मी चार लाख सोडले, आता मला परवडत नाही," आणि अर्धा टक्का, 44,000 हातावर ठेवले. एकूण आले 1,32,000. निम्मे केले तर प्रत्येकी 66,000. म्हणून तो माझ्याकडे 22,000 मागतोय. वर त्याचं म्हणणं, "तुझ्या बायरने घासाघीस केली म्हणून माझं ब्रोकरेज कापलं गेलं."

मी अजून दिलेले नाहीत. चिडून नाही, मला खरंच कळत नाहीये काय योग्य आहे ते. हा माणूस चांगला आहे, त्याच्यासोबत पुढेही काम करायचंय. तुम्ही अशा वेळी काय केलंत ते सविस्तर लिहा.

कोथरूड_जुना_एजंट

ताई, मी 1998 पासून या धंद्यात आहे. 'फिफ्टी-फिफ्टी' या शब्दाने जेवढी भांडणं लावली तेवढी दुसऱ्या कशाने लावली नसतील. त्याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही पुण्यात चालतात. म्हणून मी तो शब्दच सोडलाय. मी विचारतो, "साईड बाय साईड, की एकत्र?"

आता तुमचा हिशोब. सेलरने पूर्ण दोन टक्के दिले असते तर 88 लाखांवर 1,76,000 झाले असते. तुमचे 88,000 धरून 2,64,000, निम्मे 1,32,000. म्हणजे त्याने स्वतःच्या खिशातून तुम्हाला 44,000 द्यायला हवे होते. त्याला शांतपणे एवढंच विचारा: दिले असतेस का? तो मनापासून 'हो' म्हणाला तर त्याच्या मनात पहिल्यापासून एकत्रच होतं, आणि तुम्ही 22,000 द्यावेत असं माझं मत. पण त्याने दोन टक्क्यांची गोष्ट तुम्हाला सांगितलीच नव्हती. एकत्र वाटायचं असेल तर दोघांचे रेट दोघांना माहीत हवेत. नसतील, तर ते साईड बाय साईडच. तुटवडा आल्यावर एकत्र आणि जास्त आल्यावर वेगळं, असं चालत नाही.

घासाघिशीचं म्हणाल तर आकडे बघा. 92 वर दोन टक्के म्हणजे 1,84,000. हातात आले 44,000. तूट 1,40,000 ची. त्यातले किंमत उतरल्यामुळे गेले फक्त 8,000. उरलेले 1,32,000 गेले ते सेलरने शब्द फिरवला म्हणून. तो शब्द सांभाळायचं काम सेलरच्या एजंटचं.

बाणेर_प्रॉपर्टी

रेरा आल्यापासून हे सगळं ठरलेलं आहे. दोघे रजिस्टर्ड असतील तर निम्मं-निम्मंच करावं लागतं. तुम्ही दोघांनी रेरा नंबर टाकून बिलं केली असतील तर तक्रार पण करता येते.

कोथरूड_जुना_एजंट

दादा, बिलावर नंबर टाकायची सवय चांगली, पण बाकीचं तसं नाही. महारेराची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी. ब्रोकरेज किती घ्यायचं आणि दोन एजंटांनी आपापसात कसं वाटायचं, हे रेरा ठरवून देत नाही. ताईंचा फ्लॅट जुन्या सोसायटीतला रीसेल असेल तर तिथे रेराचा संबंधच येत नाही. आपसातलं आपणच लिहून ठेवायचं.

बाणेर_प्रॉपर्टी

बरं. माझं काम सगळं नवीन प्रोजेक्टचं आहे, तिथे बिल्डर देतो आणि एकाच एजंटच्या नावावर देतो. त्यामुळे माझा तसा समज होता.

वाकड_भाडेवाला

माझा अनुभव भाड्याचा आहे, पण प्रश्न तोच. आमच्याकडे हिंजवडीच्या आयटीवाल्यांमुळे अकरा महिन्यांचे करार सतत चालतात. भाडेकरू एक महिन्याचं भाडं देतो, मालक बऱ्याचदा काहीच देत नाही. मग साईड बाय साईड म्हटलं की मालकाच्या एजंटला शून्य. म्हणून इथे भाडेकरूचं आलेलं निम्मं करतातच, त्यावर कुणी वाद घालत नाही.

आमचा वाद पुढे होतो. अकरा महिन्यांनी करार रिन्यू झाला की मालकाचा एजंट परस्पर कागद करतो आणि पैसे घेतो. भाडेकरू मी आणलेला, पण मला फोनसुद्धा येत नाही. मी दोनदा मागितले. एकाने दिले, एकाने म्हटलं, "कागद मी केला, धावपळ मी केली." त्याचंही चूक म्हणता येत नाही. याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा, मी तीन वर्षं शोधतोय.

सहकारनगर_फ्लॅटमालक

मी एजंट नाही, गेल्या वर्षी वडिलांचा फ्लॅट विकला. मुळात विकणाऱ्याने दोन एजंटांना पैसे का द्यायचे? मी एकालाच काम दिलं होतं. व्यवहाराच्या दिवशी दुसरा कोणीतरी समोर बसलेला. मला वाटलं आता दोघांचं माझ्याच गळ्यात पडणार, म्हणून मी आधीच सांगितलं की कबूल केल्यापेक्षा कमी देईन.

वारजे (धागा सुरू केला ती)

दादा, माझा प्रश्न आम्हा दोघांमधल्या वाटणीचा आहे, तुमच्याकडून दुप्पट घ्यायचा नाही. पण तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थबकले. आमच्या सेलरनेही नेमकं त्या बैठकीनंतर हात आखडता घेतला. मी कोण, माझे पैसे कोण देणार, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक.

सहकारनगर_फ्लॅटमालक

सांगितलं असतं तर मी कापले नसते. मला शेवटपर्यंत वाटत होतं की माझा माणूस समोरच्याकडूनही घेतोय.

धायरी_नवीन

मला या लाईनमध्ये दीडच वर्ष झालंय. मी बायर आणला, सेलरच्या एजंटने फ्लॅट दाखवताना माझ्यासमोर बायरला स्वतःचं कार्ड दिलं. आठ दिवसांनी बायर म्हणाला, "आम्हाला ते घर नको." दोन महिन्यांनी कळलं की तिथेच राहायला गेलेत. त्या एजंटला फोन केला तर म्हणाला, "ते माझ्याकडे दुसऱ्या ओळखीतून आले." माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. आता मी फ्लॅट दाखवायच्या आधी बायरचं नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे समोरच्या एजंटला पाठवतो आणि त्याच्याकडून 'ओके' येईपर्यंत जात नाही. पूर्ण नंबर देत नाही.

कोथरूड_जुना_एजंट

हे बरोबर केलंत. त्याच मेसेजमध्ये वाटणीही लिहा. आणि अजून एक. विसार पावतीवर सह्या होण्याआधी ब्रोकरेज पुन्हा बोलून घ्या. सेलर चार लाख सोडतो तो क्षण महत्त्वाचा असतो. तिथेच विचारायचं, "काका, 88 ला हो म्हणताय, आमचे दोन टक्के याच्यावर कायम ना?" तेव्हा तो एकतर हो म्हणतो, नाहीतर तिथेच दीडवर आणतो, पण जे होतं ते सगळ्यांसमोर होतं. खरेदीखतानंतर मागायला गेलं की आपल्या हातात काही उरत नाही.

हिशेबनीस_सदाशिव_पेठ

मी तीन-चार एजंटांचे हिशेब लिहितो. ताई, 22,000 द्यायचे ठरलेच तर रोख देऊ नका. त्याच्याकडून बिल घ्या आणि बँकेतून द्या. नाहीतर 88,000 पूर्ण तुमचं उत्पन्न धरलं जाईल आणि दिलेल्या पैशावरचा करही तुम्हीच भराल.

दुसरं म्हणजे जीएसटी. वर्षाची जमा 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि मग बिलावर 18 टक्के लावावे लागतात. माझ्याकडच्या एका व्यवहारात एक एजंट नोंदणी असलेला, एक नसलेला. नोंदणीवाल्याने बायरकडून 88,000 अधिक 15,840 घेतले. दुसऱ्याने बँकेत आलेला पूर्ण आकडा पाहून त्याचं निम्मं मागितलं. ते 15,840 सरकारचे आहेत, ते वाटणीत येतच नाहीत. हे समजावण्यात एक अख्खी दुपार गेली.

सिंहगड_रोड_काकू

एकत्र वाटणीत आणखी एक अडचण येते. आमचं साठेखत झालं, बायरने ब्रोकरेज दिलं, आम्ही दोघींनी लगेच वाटून घेतलं. मग बँकेने त्याचं कर्ज नाकारलं आणि व्यवहार मोडला. बायरने पैसे परत मागितले, ते साहजिकच होतं. तोंड मला द्यावं लागलं, कारण बायर माझा. माझा अर्धा मी त्याच दिवशी दिला. दुसरीने तिचा अर्धा द्यायला पाच महिने लावले, तोवर तिचाही मीच भरला होता. तेव्हापासून खरेदीखत होईपर्यंत मी वाटणी करत नाही. काही जणांना हे पटत नाही, म्हणतात साठेखतापर्यंतचं काम तर झालंय. तेही खरं आहे.

वारजे (धागा सुरू केला ती)

काल त्याला भेटले. कोथरूडच्या काकांनी सुचवलेला प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "खरं सांगू? 44,000 दिले असते का, मला माहीत नाही." मला त्याचं उत्तर आवडलं. सेलरला माझ्याबद्दल आधी सांगितलं नव्हतं हेही त्याने कबूल केलं.

शेवटी आम्ही 11,000 वर आलो. त्यामागे नियम कुठलाच नाही. त्याने सेलरकडे तीन फेऱ्या जास्त मारल्या होत्या आणि सोसायटीची एनओसी एकट्याने आणली होती, ते मला दिसत होतं. बिल घेऊन बँकेतून पाठवले.

आज त्याचाच कोथरूडमधला एक थ्री बीएचके माझ्या बायरला दाखवायचाय. सकाळी मी मेसेज केला: "बायरचं नाव आणि शेवटचे चार आकडे खाली. माझ्या बायरकडून एक टक्का, तो मी घेणार. सेलरकडचं तुझं. जीएसटी ज्याचा त्याने. पैसे खरेदीखताच्या दिवशी. तुझ्या सेलरला माझ्याबद्दल आधी सांग. ओके असेल तर पाच वाजता येते."

त्याचं उत्तर आलं: "ओके. पण यावेळी सेलर ब्रोकरेज देतच नाहीये. मग?"

त्याला अजून उत्तर पाठवलेलं नाही. वाकडच्या दादांसारखं बायरचं निम्मं करावं, की माझा तीन महिन्यांचा बायर आहे म्हणून साठ-चाळीस मागावं? पाचच्या आत कुणी लिहिलंत तर बरं होईल.

वाकड_भाडेवाला

निम्मं करा ताई. सेलर देत नाही हे त्याने फ्लॅट दाखवायच्या आधी सांगितलं.

धायरी_नवीन

मी साठ मागितले असते.