मदत हवी आहे : बनावट फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागत आहेत

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने मोबाइलवरील एका कर्जाच्या अ‍ॅपमधून ३,००० रुपये घेतले आणि मुदतीत फेडलेही. परंतु अ‍ॅप सुरू करताना त्याने संपर्कयादी आणि फोटो पाहण्याची परवानगी दिली होती. आता त्याचा चेहरा जोडलेले एक अश्लील छायाचित्र आईला आणि कार्यालयातील सहकाऱ्यांना पाठवू, अशा धमक्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत आहेत. घाबरून त्याने ५,००० रुपये भरले, तर दोनच दिवसांत दुसऱ्या क्रमांकावरून ८,००० रुपयांची मागणी आली. फोटो त्यांच्याकडेच राहतो आणि प्रत्येक वेळी त्यांना एवढेच कळते की हा माणूस पैसे देतो, हे मला पटले आहे. त्याला मात्र पुढची रक्कम शेवटची असेल असे अजूनही वाटते, याचे मला फार वाईट वाटते.

संदेशांचे स्क्रीनशॉट, क्रमांक, यूपीआय आयडी आणि व्यवहारांचे तपशील जपून ठेवले आहेत. आज १९३० या हेल्पलाइनवर व cybercrime.gov.in येथे तक्रार करणार आहोत. ज्यांनी अशी तक्रार केली आहे, त्यांनी कृपया सांगावे, पोलिसांनी आणखी कोणते पुरावे मागितले? आणि ओळखीच्या लोकांना आपणच आधी कळवल्याने धमक्यांचा जोर ओसरला का?