दहावी विज्ञान: तपासणाऱ्यांना नेमके कोणते शब्द हवे असतात ते मागच्या वर्षांच्या आदर्श उत्तरांवरून कसं काढायचं?

मालवण_किनारा
मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. विज्ञान भाग 1 मध्ये तिला सगळं समजतं, तोंडी विचारलं तर धडाधड सांगते, पण लिहिलं की 3 पैकी 1 नायतर दीड. परवाच्या सराव पेपरात प्रश्न होता, थंड प्रदेशात तलाव गोठला तरी मासे जिवंत कसे राहतात. हिने लिहिलं "बर्फ पाण्यावर तरंगतो आणि खाली पाणी शिल्लक राहतं, म्हणून मासे जगतात." 1 मार्क मिळाला. बाईंनी बाजूला लिहिलं "मुद्दे अपुरे". आता आमच्या घरात मासळीचाच धंदा, बर्फ रोज हाताळतो आम्ही, पोरीने लिहिलंय त्यात चूक काय ते मला कळेना. कोणीतरी सांगितलं की चार-पाच वर्षांची आदर्श उत्तरं शेजारी शेजारी ठेवून कीवर्ड काढायचे. माझ्याकडे तीन वेगवेगळे प्रश्नपत्रिका संच आहेत, उत्तरांसकट. पण करायचं कसं? नुसतं वाचून सगळंच महत्त्वाचं वाटतंय.

देवगड_72
सोप्पं आहे ताई. तिन्ही संचात जो शब्द सारखा येतो तो कीवर्ड. ते शब्द पाठ करून घ्या, उत्तरात आले की पेन्सिलने अधोरेखित करायला सांगा, तपासणारा शब्दच बघतो, एवढे गठ्ठे असतात त्यांच्याकडे, वाक्य वाचायला वेळ कुठाय. माझ्या पुतण्याने असंच केलं, चांगले पडले त्याला.

खाडीकाठचे_सर
मी बरीच वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं आणि पेपरही तपासले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

देवगडकर, अधोरेखित करा हे बरोबर. पण तीन संचात सारखा शब्द म्हणजे कीवर्ड, यात एक फसगत आहे. तीन प्रकाशकांची उत्तरं सारखी असतात कारण तिघांनीही तेच पाठ्यपुस्तकातलं वाक्य उचललेलं असतं. त्यावरून तपासणाऱ्याला काय हवंय ते कळत नाही, पुस्तकात काय आहे तेवढंच कळतं. एकाच वर्षाच्या तीन संचांची तुलना करू नका. एकच संच घ्या आणि त्यातली वेगवेगळ्या वर्षांची, एकाच धड्यावरची उत्तरं समोरासमोर ठेवा. प्रश्न दरवर्षी वळण बदलून येतो, आणि वळण बदलल्यावरही जे उत्तरात टिकतं तो गाभा.

आणि वर्षं निवडताना जपा. दहावीचं सध्याचं पुस्तक 2018 ला आलं, त्यावरची पहिली परीक्षा मार्च 2019 ची. त्याआधीचे पेपर या कामाला घेऊ नका, धडेच वेगळे होते. 2021 ला लेखी परीक्षा झालीच नाही आणि 2022 ला अभ्यासक्रम कमी केलेला होता, म्हणजे त्या वर्षी एखादा मुद्दा दिसला नाही तर तो बिनमहत्त्वाचा असं समजू नका.

तुमचाच प्रश्न घेऊ. उष्णता धड्यात पाण्याच्या असंगत आचरणावर दोन तऱ्हेचे प्रश्न फिरून फिरून येतात. एक तुमचा माशांचा, बहुधा 3 गुणांचा. दुसरा शास्त्रीय कारण, म्हणजे थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात, तो 2 गुणांचा. दोन्हींची आदर्श उत्तरं एका आडव्या कागदावर शेजारी लिहा, एका ओळीत एकच वाक्य. मग डावीकडचं प्रत्येक वाक्य उजवीकडे आहे का ते बघा आणि असेल तिथे टिकमार्क.

टिकमार्क कुठे पडतील सांगतो. "असंगत आचरण" दोन्हीकडे. "4 °C" दोन्हीकडे. "4 °C पासून 0 °C पर्यंत पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावते" हेही दोन्हीकडे. हा झाला धड्याचा गाभा, आणि तुमच्या मुलीच्या उत्तरात यातलं एकही नाही. तिने शेवट लिहिला, कारण लिहिलंच नाही. बर्फ तरंगतो हे तर तुमच्या धंद्यातल्या माणसाला न शिकताही माहीत असतं.

आता टिकमार्क नसलेल्या ओळी बघा, माझ्या मते जास्त कामाचं तेच आहे. नळाच्या उत्तरात "आकारमान वाढते" आणि "नळावर दाब पडतो" असं येतं. माशांच्या उत्तरात आकारमान हा शब्द शोधून सापडत नाही, तिथे "घनता कमी होते", "पृष्ठभागावर राहते", "बर्फ उष्णतेचा दुर्वाहक" असं येतं. खरं तर गोष्ट एकच, आकारमान वाढलं म्हणजेच घनता घटली. पण नळ फुटायला आकारमान लागतं आणि तरंगायला घनता लागते. म्हणजे कीवर्ड धड्याचे नसतात, प्रश्नाचे असतात. पोरं धड्याचे दहा शब्द पाठ करतात आणि माशांच्या उत्तरात "आकारमान वाढते" लिहून पुढे जातात. तिथून "म्हणून तरंगते" वर उडी मारली की मधली कडी गेली, अर्धा गुण गेला.

वेंगुर्ला_बंदर
माझा मुलगा सेमीला आहे, त्याला हे सगळं इंग्लिशमधून लिहायचंय, "अ‍ॅनोमलस बिहेविअर" वगैरे. आणि त्याचा प्रॉब्लेम वेगळाच आहे, त्याचे न्यूमेरिकल जातात, एकक लिहायचं विसरतो. सर, गणितांच्या उत्तरातले कीवर्ड कसे काढायचे? कोणता संच चांगला तेही सांगा.

खाडीकाठचे_सर
वेंगुर्लेकर, गणिताला कीवर्ड नसतात हो, तिथे पायऱ्या असतात. दिलेली माहिती, सूत्र, किंमती ठेवणं, उत्तर एककासह. एकक विसरणं ही सवयीची गोष्ट, ती तुलना करून जाणार नाही, रोज दोन गणितं सोडवून घेऊनच जाईल. सेमीसाठी कागद तसाच करायचा, फक्त संच इंग्लिश माध्यमाचा घ्या. मराठी संचातले शब्द स्वतः भाषांतर करून वापरू नका, पुस्तकातला इंग्लिश शब्दच हवा.

दापोली_अर्धवेळ
एक सांगू का, या सगळ्या खटाटोपाची गरजच नाही, मार्किंग स्कीम वेबसाईटवर टाकलेली असते. माझ्या भाचीचं मी डाउनलोड केलं होतं, अर्धा अर्धा मार्क कुठे ते सगळं लिहिलेलं असतं त्यात.

खाडीकाठचे_सर
भाची सीबीएसईला असेल. ते लोक गुणदान योजना जाहीर करतात, खरं आहे. इथे विचारणाऱ्या ताईंची मुलगी राज्य मंडळाची आहे. तरी एकदा ती योजना डोळ्याखालून घाला असं मी सुद्धा सांगेन, 3 गुणांचं उत्तर तुकड्यांत कसं मोडतात ते समजतं. आणि त्यात सुरुवातीलाच सूचना असते की दिलेले मुद्दे मार्गदर्शक आहेत, विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत बरोबर लिहिलं तर गुण द्या. पण शब्द मात्र तिथले उचलू नका, पुस्तक वेगळं.

देवगड_72
सर, पण शब्द आला की मार्क मिळतो हे मी चूक नाही म्हणणार. पुतण्याचं उत्तर मी स्वतः बघितलंय, तुटक तुटक लिहिलेलं, शब्द होते, पूर्ण मार्क.

खाडीकाठचे_सर
तुटक चालतं. उलटं चालत नाही. मी तपासलेल्यात अशी उत्तरं किती तरी असायची: "4 °C ला पाण्याची घनता कमी होते म्हणून ते तळाशी जाते." बघा, 4 °C आहे, घनता आहे, तळाशी आहे. तिन्ही शब्द हजर आणि विज्ञान उलटं, कारण 4 °C ला घनता सर्वांत जास्त असते म्हणून तर ते पाणी खाली बसतं. याला मी गुण दिला नाही. म्हणून कागदावर सुटा शब्द लिहूच नका. "घनता" असं नाही लिहायचं, "4 °C ला घनता सर्वाधिक" असं लिहायचं. "दुर्वाहक" नाही, "बर्फ दुर्वाहक म्हणून खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जात नाही" असं. शब्द आणि त्याची दिशा एकत्र. मग अधोरेखित करायचं तर सगळा तुकडा करा.

मालवण_किनारा
सर, रात्री बसून केलं दोघींनी. कागदावर उतरवल्यावर पोरगी स्वतःच म्हणाली, आई मी फक्त शेवटची ओळ लिहिली होती. दुर्वाहक तिला समजत नव्हतं, म्हणाली बर्फ तर थंड करतो, मग खालचं पाणी थंड कसं नाही होत. मग आमची मासळीची पेटी दाखवली, बर्फाला थर्माकोल का लावतो विचारलं, बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून. तलावात तेच काम बर्फाचा थर करतो, फक्त आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा पटलं तिला.

आता तिने असं लिहिलंय: "पाणी 4 °C पर्यंत थंड होताना आकुंचन पावते, त्याची घनता सर्वाधिक होते व ते तळाशी जाते. 4 °C च्या खाली पाण्याच्या असंगत आचरणामुळे पृष्ठभागावरील पाणी प्रसरण पावते, घनता कमी झाल्याने वरच राहते व 0 °C ला त्याचा बर्फ होतो. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालच्या पाण्यातील उष्णता बाहेर जात नाही, तळाचे पाणी 4 °C ला द्रवरूप राहते व मासे जिवंत राहतात." एवढं 3 मार्कांना जास्त होतंय का? आणि एका संचात "असंगत वर्तन" आहे, पुस्तकात "आचरण". कोणतं लिहायचं?

खाडीकाठचे_सर
आचरण लिहा, पुस्तकातलं. वर्तन लिहिलं म्हणून मी कधी गुण कापले नाहीत, पण दुसऱ्याची हमी मी कशी देऊ.

लांबी ठीक आहे. हाच मजकूर 2 गुणांना आला तर काय गाळायचं, तेही कागदच सांगेल. 2 गुणांच्या आदर्श उत्तरात पाणी 4 °C पर्यंत येतानाचं वर्णन बहुतेक नसतं, थेट असंगत आचरणापासून सुरुवात असते. गुण कमी झाले की आधी काय गळतं त्याच्यावर एक खूण करून ठेवा. शेवटपर्यंत जे गळत नाही त्याने उत्तर सुरू करायची सवय लावा, वेळ संपला तरी ते लिहून झालेलं असतं.

गुहागर_पालशेत
सरांचं सगळं पटलं, पण स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर गुण मिळतात हे मला पूर्ण पटत नाही. आमच्या मुलाने निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. ताऱ्यांचं लुकलुकणं लिहिताना "हवा हलते म्हणून प्रकाश वाकतो" असं लिहिलं होतं, अर्थ तोच ना? गुण जवळजवळ नाहीच.

खाडीकाठचे_सर
अर्थ अर्धाच आहे. हवा हलते एवढ्याने भागत नाही, थरांची घनता आणि तापमान बदलतं, त्यामुळे अपवर्तनांक बदलत राहतो, हे हवं. "वाकतो" ऐवजी अपवर्तन हवं होतं, कारण धड्याचं नावच ते. पण तरीही मी असतो तर थोडे दिले असते. इथे तपासणाऱ्या-तपासणाऱ्यात फरक पडतो हे मान्य.

गुहागर_पालशेत
तेच म्हणतोय. मग मुलांना पुस्तकी भाषाच लिहायला लावायची का?

खाडीकाठचे_सर
संज्ञा पुस्तकाच्या, वाक्यं आपली, असं मी शिकवत आलो. माझ्या सोबतच्या एक बाई मात्र अख्खं वाक्य पुस्तकातलंच लिहा म्हणायच्या आणि त्यांचीही मुलं चांगले गुण आणायची. आमचं यावर कधी एकमत झालं नाही.

मालवण_किनारा
आज ताऱ्यांचा कागद करायला घेतला. "तारा बिंदुस्रोत" हे दोन वर्षांच्या उत्तरात आहे, एका वर्षाच्या नाही. त्या वर्षी प्रश्नात ग्रह का लुकलुकत नाहीत हे विचारलंच नव्हतं. म्हणजे ग्रह विचारले तरच ते लिहायचं, की कायम?

खाडीकाठचे_सर
ग्रह विचारले असतील तर नक्कीच, कारण ग्रह जवळ असल्याने बिंदुस्रोतांचा समूह वाटतो, आणि फरक तिथेच आहे. नुसते तारे विचारले असतील तर मी लिहायला लावायचो, पण शेवटी. अजून दोन वर्षांची उत्तरं मिळाली तर त्यात बघा आणि इथे लिहा.