मदत हवी आहे: सेफॉक्सिटिन सेन्सिटिव्ह, पण ऑक्सासिलिन रेझिस्टंट स्टॅफ

नमस्कार मंडळी. जखमेच्या पुवातून आलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या एका आयसोलेटने गोंधळात टाकलंय. सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम डिस्कचा झोन २४ मिमी, म्हणजे सेन्सिटिव्ह. ऑक्सासिलिनचा एमआयसी मात्र ४, म्हणजे रेझिस्टंट. दोन्ही टेस्ट पुन्हा लावल्या, उत्तर तेच. पीसीआरमध्ये मेक-ए आणि मेक-सी दोन्ही निगेटिव्ह, त्यामुळे पीबीपी-२ए असण्याची शक्यता फारशी उरत नाही. पेनिसिलिनच्या झोनची कड अगदी धारदार आहे, तेव्हा बीटा-लॅक्टमेज नक्की बनतंय.

माझा अंदाज असा की हे एन्झाइम इतकं भरमसाट तयार होतंय की एरवी त्याला दाद न देणारं ऑक्सासिलिनही थोडंथोडं तुटतंय. दुसरी शक्यता, जिवाणूच्या मूळच्या पीबीपीमध्येच म्युटेशन होऊन औषध नीट चिकटत नसावं. दोन्ही ओळखायला ऑक्सासिलिनचा एमआयसी क्लॅव्ह्युलॅनेटसह आणि त्याशिवाय लावायचा विचार आहे. एन्झाइम कारण असेल तर आकडा खाली यायला हवा.

कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? क्लॅव्ह्युलॅनेट किती घेता, आणि एमआयसी किती पायऱ्या उतरला तर ग्राह्य धरता? मुख्य म्हणजे सर्जनना रिपोर्ट काय द्यावा? सेफॅझोलिन सुचवायला मन धजावत नाही, कारण बीटा-लॅक्टमेजचे काही प्रकार तेही तोडतात.