सल्ला हवा: क्रिएटिन नायट्रेट, मॅग्नेशियम चिलेट की साधं मोनोहायड्रेट?

अमळनेरचा_गडी: पोलीस भरतीची तयारी चालू आहे, वजन 70 किलो. गोळाफेक आणि 100 मीटरसाठी क्रिएटिन सुरू करायचंय. दुकानदार म्हणतो, मोनोहायड्रेटने अंगात पाणी धरतं, त्यापेक्षा नायट्रेट नाहीतर मॅग्नेशियमला जोडलेलं क्रिएटिन, म्हणजे मॅग्नेशियम चिलेट घे. दोन्ही महाग आहेत. फरक पडतो का?

भुसावळवाला: नायट्रेटच घे भो. पाण्यात लगेच विरघळतं, ग्लासाच्या तळाशी रवा राहत नाही. म्हणून थोडं घेतलं तरी जास्त लागू पडतं.

आहार_धुळे: विरघळतं हे खरं, पण त्याने जास्त लागू पडत नाही. मोनोहायड्रेटही आतड्यातून जवळजवळ सगळं शोषलं जातं, मग वाढायला जागा कुठे? उलट डब्यावरचा हिशोब बघ. नायट्रेटच्या वजनात क्रिएटिन सुमारे दोन तृतीयांशच असतं, म्हणजे 2 ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम 1.35 ग्रॅम. मोनोहायड्रेटच्या साडेतीन ग्रॅममध्ये 3 ग्रॅम क्रिएटिन मिळतं. तेवढंच नायट्रेटमधून हवं तर साधारण साडेचार ग्रॅम लागेल आणि सोबत 1.4 ग्रॅम नायट्रेट पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेची रोजची मर्यादा किलोमागे 3.7 मिलिग्रॅम आहे, तुझ्या वजनाला 260 मिलिग्रॅमच्या आसपास. 2016 साली 28 दिवसांच्या चाचणीत नायट्रेट मोनोहायड्रेटसमोर ठेवलं होतं. कमी मात्रेत ते सुरक्षित दिसलं, पण वरचढ ठरलं नाही.

चोपड्याची_ताई: माझ्या मुलाचं क्रिएटिनीन 1.4 आलं. हे औषध घेतल्यानेच किडनी बिघडली का?

आहार_धुळे: ताई, क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनीन होतं, त्यामुळे आकडा थोडा वर जाऊ शकतो. पण तेवढ्यावरून बिघडली किंवा नाही, दोन्ही म्हणता येत नाही. डॉक्टरांना पावडरचं सांगा आणि किडनीची दुसरी रक्ततपासणी, सिस्टाटिन सी, करता येईल का, विचारा. छातीदुखीची नायट्रेटची गोळी किंवा बीपीचं औषध चालू असलेल्याने क्रिएटिन नायट्रेट स्वतःहून घेऊच नये.

अमळनेरचा_गडी: आणि चिलेटचं? पाणी धरत नाही म्हणतात.

आहार_धुळे: 2003 च्या छोट्या अभ्यासात तर चिलेट घेणाऱ्यांच्या पेशींच्या आत पाणी वाढलेलं दिसलं. दुकानदार सांगतो त्याच्या उलटच. 2004 मध्ये रोज अडीच ग्रॅम, 10 दिवस अशी तुलना झाली. बेंच प्रेसचं काम चिलेट आणि साधं क्रिएटिन दोघांनीही वाढवलं, एकमेकांत फरक दिसला नाही. माणसं मोजकी होती, त्यामुळे बारीक फरक निसटला असेलही. पण त्या शक्यतेसाठी मी पैसे मोजणार नाही. मॅग्नेशियम कमी पडत असेल तर ते वेगळं घ्यावं, जास्त झालं की पोट ढिलं होतं.

भुसावळवाला: मला मात्र नायट्रेटने हात जास्त भरल्यासारखे वाटतात.

आहार_धुळे: वाटत असेल, नायट्रेटने रक्तवाहिन्या सैलावतात. पण त्याने गोळा लांब जातो असं त्या चाचणीत दिसलं नाही. गड्या, साधं मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम घे. वजन किलोभर वाढेल, ते 1600 मीटरला जाणवतं का हे भरतीच्या महिनाभर आधीच पळून बघ.