प्रतिसाद: शेवटचा ‘अ’ गिळू नका

> ‘बेळगावहून धारवाडला चाललोय. कन्नडमध्ये नमस्कार कसा म्हणायचा?’

शब्द तोच, शेवट वेगळा. आपण ‘नमस्कार्’ म्हणून ‘र’वर थांबतो, कन्नडमध्ये शेवटचा ‘अ’ स्पष्ट ऐकू येतो: न-म-स्का-र. तो ‘रा’इतका लांबवू नका, ‘घर’ म्हणताना ‘घ’मध्ये असतो तेवढाच पुरे.

आमच्या भागात त्याला ‘री’ जोडतात, ‘नमस्कार री’. हा ‘री’ म्हणजे आपला ‘हो’ किंवा ‘जी’, मानाचा. मोठ्यांशी बोलताना तो हवाच. मागोमाग ‘हेंगदीरि?’ येईल, म्हणजे ‘कसे आहात?’ यातला ‘हें’ ऱ्हस्व आहे. आपल्या लिपीत ऱ्हस्व ‘ए’ला अक्षर नसल्याने वाचून म्हटलं की तो हमखास लांबतो, म्हणून एकदा कुणाकडून ऐकून घ्या. उत्तर सोपं: ‘आराम री’. मी खानापूरच्या स्टँडवर एवढंच म्हटलं, तर शेजारच्या आजींनी पिशवी उचलून बसायला जागा दिली.

पुढे तमिळनाडूत गेलात तर ‘वणक्कम’. ‘ण’ आपल्याला सहज जमतो, फक्त ‘क्क’वर नीट जोर द्या. गोव्याकडे वळलात तर ‘नमस्कार’च चालतो.