घटक चाचणी: आधी संविधान तक्ता की आधी प्रश्न?

नववी_विज्ञान (मूळ प्रश्न)
नववीची पहिली घटक चाचणी, विज्ञान, 20 गुण. घटक तीन: गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत. आमच्याकडच्या मागच्या वर्षीच्या पेपरचे गुण मांडून बघितले, तर 20 पैकी 11 गुण एकट्या 'गतीचे नियम'वर होते आणि सगळा पेपर धरून 14 गुण नुसते आठवून लिहायचे होते. यंदा आधी संविधान तक्ता करायचा, म्हणजे कोणत्या घटकाला आणि कोणत्या उद्दिष्टाला किती गुण ते चौकटींत मांडायचं, आणि मग प्रश्न काढायचे असं म्हणतेय. स्टाफरूममधले सिनिअर म्हणतात, 20 गुणांसाठी एवढा खटाटोप कशाला? तुम्ही काय करता? आणि प्रमाण कशावरून ठरवता?

शाहूपुरीचे_गुरुजी
बाई, तुमच्या सिनिअरांचं मला पटतं. तीन घटक, चार उद्दिष्टं, म्हणजे बारा चौकटी आणि गुण वीस. एकेका चौकटीत एक-दोन गुण पडणार. तेवढ्यावरून 'या पोराला उपयोजन जमत नाही' असं कोण सांगू शकेल? खरं तर बहुतेक शाळांत पेपर आधी निघतो आणि तक्ता मागून, फाईलला लावायला भरला जातो. घटक चाचणी असते ती कुठला भाग पुन्हा शिकवायचा हे कळायला. चार सरळ प्रश्न घाला, वह्या बघा, कळतं.

खडू_फळा
गुरुजी, मागून भरलेला तक्ता निरुपयोगी, यावर आपलं एकमत. पण बाईंना मागच्या पेपरमधला असमतोल दिसला तो मांडणी केल्यावरच. नुसता वाचला असता तर तोच पेपर चांगला वाटला असता, कारण सुटा सुटा प्रत्येक प्रश्न बरोबरच असतो.

बाई, घटकांचं प्रमाण तासिकांवरून काढा. समजा नियोजनात तिन्ही घटकांना अनुक्रमे 12, 8 आणि 10 तासिका आहेत, मिळून 30. वीस गुणांत ते 8, 5.33 आणि 6.67 येतं, म्हणजे 8, 5, 7. उद्दिष्टांना मी साधारण ज्ञान 5, आकलन 7, उपयोजन 6, कौशल्य 2 धरतो. मग चौकटी अशा भरता येतील:

| घटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | कौशल्य | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| गतीचे नियम | 2 | 3 | 3 | – | 8 |
| कार्य आणि ऊर्जा | 1 | 2 | 2 | – | 5 |
| धाराविद्युत | 2 | 2 | 1 | 2 | 7 |
| एकूण | 5 | 7 | 6 | 2 | 20 |

सगळ्या चौकटी भरायचा हट्ट नको. कौशल्याचे दोन्ही गुण परिपथाच्या आकृतीला दिले, कारण या तीन घटकांत आकृती काढायला खरा वाव तिथेच आहे. दोन गुण तीन ठिकाणी वाटले तर कुठेच धड प्रश्न होत नाही.

रंकाळा_पालक
मी शिक्षक नाही, पण माझ्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. इतिहासाच्या चाचणीत जवळजवळ सगळे प्रश्न एकाच पाठावरचे आले. तिने नेमका तो पाठ कमी वाचला होता. घरी येऊन म्हणाली, मला इतिहास येतच नाही. बाकीचे पाठ तिला तोंडपाठ होते! असा तक्ता पालकांना आधी दाखवता येत नाही का?

खडू_फळा
दादा, कोणत्या घटकाला किती गुण, एवढं मुलांना आधी सांगायला काहीच हरकत नाही. मी फळ्यावर लिहून देतो. चौकटीतले आकडे मात्र सांगत नाही. 'कार्य आणि ऊर्जा'त ज्ञानाला एकच गुण आहे म्हटल्यावर मुलं व्याख्या सोडून देतात.

कागलची_बाई
मी तर सोपं गणित ठेवते. ज्ञान म्हणजे सोपे प्रश्न, आकलन म्हणजे मध्यम, उपयोजन म्हणजे अवघड. काठिण्यपातळी सांभाळली की विचाराची पातळी आपोआप सांभाळली जाते. वेगळा तक्ता लागत नाही.

खडू_फळा
ताई, पेपरमध्ये सोपं-अवघड मिसळलेलं हवं, हे बरोबर. पण काठिण्य आणि विचाराची पातळी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. न्यूटनचा दुसरा नियम जसाच्या तसा शब्दांत लिहा म्हटलं तर निम्मा वर्ग चुकतो. प्रश्न अवघड झाला, पण तपासलं फक्त स्मरण. उलट हा प्रश्न बघा: 'रिकामी असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीचं मिळून वस्तुमान 4 टन आहे, ऊस भरल्यावर 16 टन. बल तेवढंच राहिलं आणि घर्षण धरलं नाही, तर त्वरण कितीवर येईल?' आकडेमोड तोंडी होते, चौथ्या भागावर येईल. ज्याला बल, वस्तुमान आणि त्वरण यांचं नातं समजलंय तो पोरगा हे पटकन सांगतो. प्रश्न सोपा आहे, तरी उपयोजनाचा आहे.

आणि हाच ट्रॉलीचा प्रश्न तुम्ही वर्गात फळ्यावर सोडवून दिला असेल, तर चाचणीत तो ज्ञानाच्या चौकटीत जातो. बस थांबल्यावर प्रवासी पुढे का झुकतात, हे आपण सगळेच शिकवताना सांगतो. पेपरमध्ये त्यावर 'कारण द्या' म्हणून आकलनाचे गुण लावतो. पोरं सांगितलेलं वाक्य लिहून मोकळी होतात. म्हणून प्रश्न कोणत्या चौकटीतला हे त्याच्या शब्दांवरून ठरवू नका. वर्गात काय झालं होतं ते आठवून ठरवा. दुसऱ्या शाळेचा तयार पेपर उचलला की तक्ता बिघडतो तो इथेच.

कागलची_बाई
हे मी या बाजूने कधी बघितलं नव्हतं. पण मग दोन तुकड्यांना दोन शिक्षक शिकवत असतील तर? एकीने ट्रॉली सोडवून दिली, दुसरीने नाही. पेपर एकच.

खडू_फळा
मग दोघींनी पेपर काढायच्या आधी वह्या समोर ठेवून बसावं लागतं. दुसरा उपाय मला माहीत नाही.

पन्हाळा_रोड
एक शंका. तोच ट्रॅक्टर घेऊन मी 'कार्य आणि ऊर्जा'साठी असा प्रश्न काढला: त्याच वेगाने जाताना ब्रेकचं बल तेवढंच असेल, तर भरलेली ट्रॉली थांबायला किती पट अंतर लागेल? पोरं हे गतिज ऊर्जेवरून सोडवतील, नाहीतर गतीच्या समीकरणांवरून. दोन्हीकडून चौपटच येतं. मग गुण कुठल्या घटकात मोजायचे?

खडू_फळा
चांगला प्रश्न काढलात. गुण कुठे मोजायचे ते उत्तरसूची ठरवते. गुण ज्या पायरीला दिलेत, त्या पायरीचा घटक धरायचा. असंच सोडलं तर अर्धी मुलं गतीच्या समीकरणांनी जातील, गुण पूर्ण घेतील, आणि 'कार्य आणि ऊर्जा'तलं उपयोजन तपासलंच जाणार नाही. म्हणून प्रश्नातच लिहा, 'गतिज ऊर्जा आणि केलेलं कार्य यांच्या संबंधावरून काढा'. पोरांची वाट थोडी अडते, पण चौकट खरी राहते.

शाहूपुरीचे_गुरुजी
एवढं सगळं जमवलं आणि पेपरात 'पुढीलपैकी कोणतेही तीन' लिहिलं की काय राहतं? ते कुणी बोलत नाही.

खडू_फळा
बरोबर बोललात गुरुजी. तक्ता सगळ्यात जास्त मोडतो तो तिथेच. चार प्रश्नांतला एक धाराविद्युतचा असेल, तर वीज कच्ची असलेला मुलगा नेमका तोच सोडणार. त्याच्या हातातला पेपर मग 8-5-7 चा राहत नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीचा पेपर आणखी वेगळा. दोघांच्या गुणांची तुलना कशी करायची? घटक चाचणीत मी विकल्प देतच नाही. द्यायचाच झाला तर 'किंवा' घालून, त्याच घटकातला, त्याच पातळीचा आणि लिहायला तेवढाच वेळ लागणारा.

बारा चौकटींचा तुमचा पहिला मुद्दाही मी मान्य करतो. एका मुलाबद्दल एका चौकटीवरून बोलूच नये. पण पूर्ण वर्गाबद्दल बोलता येतं. साठातल्या पंचेचाळीस मुलांचा ट्रॉलीचा प्रश्न चुकला आणि नियम मात्र बहुतेकांनी बरोबर लिहिला, तर पुन्हा काय शिकवायचं ते स्पष्ट होतं. तुमच्या चार सरळ प्रश्नांतून हे कळणार नाही, कारण त्यांत फक्त स्मरण तपासलं जातं.

शाहूपुरीचे_गुरुजी
वर्गापुरतं मान्य. तरी मी चार रकाने ठेवणार नाही. दोनच ठेवीन: एक आठवून लिहायचं, दुसरं डोकं चालवून लिहायचं. ज्ञान आणि आकलन यांची सीमा ठरवण्यात आमच्याकडे दर वेळी वाद होतो आणि हाती काही लागत नाही.

खडू_फळा
वीस गुणांना दोन रकाने चालतील. सत्र परीक्षेला मात्र मी चारच घेईन. तिथे गुण जास्त असतात, चौकटीत प्रश्न मावतात.

नववी_विज्ञान
सगळ्यांचे आभार. सर, तासिकांबद्दल माझी वेगळी अडचण आहे. नियोजनात धाराविद्युतला 10 तासिका आहेत, पण पंचगंगेला पाणी आलं, शाळेला सुट्ट्या पडल्या आणि तो घटक सहाच तासिकांत उरकला. गुण नियोजनाप्रमाणे द्यायचे की शिकवलं त्याप्रमाणे?

खडू_फळा
शिकवलं त्याप्रमाणे. जे शिकवलंच नाही त्याचे गुण मुलांच्या माथी का मारायचे? 12, 8, 6 धरा. मिळून 26 होतात, गुण साधारण 9, 6, 5 येतील. चौकटी नव्याने भराव्या लागतील.

कागलची_बाई
मला हे पटत नाही सर. मागच्या वर्षी एका घटकाला माझ्या चार तासिका जादा गेल्या, कारण वर्गाला तो समजतच नव्हता. तुमच्या हिशोबाने त्याला गुणही जादा. म्हणजे जो भाग मुलांना जड, त्याचंच वजन वाढलं. आणि दहावीत धाराविद्युत पुढे लागतं, ते पुरामुळे हलकं कसं होईल? मी नियोजनाचेच 7 ठेवीन आणि चाचणी आठवडाभर पुढे ढकलीन.

खडू_फळा
जादा तासिकांचं तुमचं खरं आहे. उजळणीच्या तासिका मोजू नयेत, नवीन भागाच्याच मोजाव्यात. पुराचं मात्र मी माझ्या मतावर आहे. चाचणी पुढे ढकलणं प्रत्येक शाळेच्या हातात नसतं.

पन्हाळा_रोड
आणि कौशल्याचे ते 2 गुण? ओहमच्या नियमाचा परिपथ काढा म्हटलं की पोरं पाठ केलेली आकृती उतरवतात. मी यंदा चुकीची आकृती छापणार आहे, व्होल्टमीटर एकसर जोडणीत आणि ॲमीटर रोधाला समांतर. 'दुरुस्त करून पुन्हा काढा.'

नववी_विज्ञान
हे आवडलं. पण चूक ओळखणं आकलनात आलं ना? कौशल्य फक्त रेखाटनाचं.

पन्हाळा_रोड
मी 1 गुण चूक ओळखण्याला आणि 1 नीट रेखाटनाला देणार. तक्त्यात मग आकलन 8 आणि कौशल्य 1 होतं.

शाहूपुरीचे_गुरुजी
आणि ज्याने चूक ओळखली नाही पण चुकीचीच आकृती पट्टी लावून स्वच्छ काढली, त्याला रेखाटनाचा 1 देणार का?

पन्हाळा_रोड
देणार. सर, तुम्ही?

खडू_फळा
मी नाही देणार. उत्तरसूचीत आधी लिहून ठेवा म्हणजे झालं, आणि दोन्ही तुकड्यांना तीच लावा.